बारापुढची शून्यं

दोन देशांची माणसं एकाच करारनाम्यात दोन तऱ्हांनी स्वल्पविराम देतात आणि मार मात्र मला बसतो, असं मी नेहमी म्हणते. माझा धंदाच तसला. इंग्रजीतले करारनामे मी मराठीत उतरवून देते. साताऱ्यातले, कराडचे, सांगलीचे वकील कागद पाठवतात, मी घरी बसून भाषांतर करते, आणि मग पैशांसाठी दोन-दोन महिने त्यांच्या मागे लागते. तरुणपणी कोर्टाच्या आवारात टायपिंग करायचे, तेव्हापासूनची एक सवय हाडात मुरली आहे. आकडा दिसला की त्याच्यापुढे अक्षरी रक्कम लिहायची. आकडा नुसता उतरवताना माणसाला डुलकी लागू शकते, अक्षरी लिहिताना नाही.

आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. उजवीकडून तीन आकडे सोडून पहिला स्वल्पविराम, तिथून पुढे दर दोन आकड्यांनी एक. पहिल्यापाशी हजार, दुसऱ्यापाशी लाख, तिसऱ्यापाशी कोटी. तिकडची मंडळी सगळीकडे तीन-तीनच आकडे सोडतात, त्यामुळे त्यांच्या दुसऱ्या स्वल्पविरामापाशी मिलियन येतो, म्हणजे आपले दहा लाख. यात अवघड काही नाही. अवघड होतं ते दोन्ही रीती एकाच कागदावर येतात तेव्हा, आणि वाचणाऱ्याला ते सांगायला कुणी नसतं तेव्हा.

ज्या करारनाम्याबद्दल लिहायला बसले आहे, तो माझ्या मुलाला घरी आणणार होता.

मुलगा फळं टिकवण्याचं शास्त्र शिकायला नेदरलँड्सला गेला आणि तिथलाच झाला. नोकरी तिथे, लग्नानंतरचं घर तिथे, नात जन्मली तिथे. दर दोन वर्षांनी तीन आठवडे येतो. पहिला आठवडा झोपण्यात जातो, दुसरा सासुरवाडीला, तिसरा बॅगा भरण्यात. मी त्याच्या आवडीचं सगळं करायचं ठरवते आणि अर्ध्याहून जास्त राहूनच जातं. विमानतळावरून परत येताना गाडीत आम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाही. बोललो तर भांडतो, हे आता दोघांनाही कळून चुकलंय.

फोनवर दिसतो तो रोज. लोक म्हणतात, आता काय बाई, जग जवळ आलंय. असं म्हणणाऱ्याची मुलं बहुतेक शेजारच्या गल्लीत राहत असतात. फोनवर तोंड दिसतं, पण ताटात वाढता येत नाही. आंघोळ करून आल्यावर त्याच्या मानेवर पाणी तसंच राहायचं, लहानपणापासून नीट पुसायचाच नाही. टॉवेल घेऊन मागून जायचं आणि पुसायचं, एवढीच माझी हाव होती. हाव म्हणते, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही.

तर त्याच्या कंपनीच्या डोक्यात आलं की डाळिंब साठवायचं नि पॅकिंग करायचं केंद्र आटपाडीकडे काढायचं. तिथल्या शेतकऱ्यांच्या गटाशी भागीदारी करायची, जमीन गटाची, यंत्रं कंपनीची, आणि केंद्र चालवायला माणूस तिकडून पाठवायचा, किमान आठ वर्षांसाठी. तो माणूस म्हणजे माझा मुलगा. गटाची गाठ त्यानेच घालून दिली होती. गटाचे अध्यक्ष म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पलटणीतले सुभेदार. दोघं एका तंबूत राहिलेले, त्यामुळे आमच्याकडे ते घरच्यासारखेच.

आठ वर्षं! आटपाडी म्हणजे काही परदेश नव्हे. साताऱ्याहून सकाळी एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. मी मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं होतं. सून आणि नात साताऱ्यात आमच्याजवळ, नात इथल्या शाळेत, मुलगा शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. नवऱ्याने वरच्या खोलीला रंग द्यायला काढला. गुडघे दुखतात म्हणून जो माणूस दूध आणायला जात नाही, तो शिडीवर चढून छत घासायला लागला. मी म्हटलं, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." तो वरूनच म्हणाला, "तुरी आल्यात म्हणून समज. तू कागद तेवढा लवकर उरक."

कागद म्हणजे तो करारनामा. गटातल्या लोकांना इंग्रजी कळत नाही, म्हणून मराठी प्रत करायची होती आणि सह्यांच्या आधी ती सगळ्यांसमोर वाचायची होती. काम सांगलीच्या वकिलांकडून माझ्याकडे आलं. दोन पक्ष आणि दोघांत मिळून वकील एकच, तोही कंपनीचा. असं आपल्याकडे चालतं.

गटाने मात्र मराठी प्रतीची वाट पाहिलीच नव्हती. कुणाच्या वाट्याला किती येणार एवढं समजलं की पैसे जमवायला लागायचं, म्हणून सुभेदारांनी इंग्रजी कागदाच्या शेवटचं परिशिष्ट उघडून स्वतःच वाचलं होतं. पलटणीत असताना मेसचे हिशेब त्यांच्याकडे असायचे, आकड्याला घाबरणारा माणूस नव्हे. कंपनीचा वाटा साठ लाख, गटाचा बारा लाख, असं त्यांनी बैठकीत सांगितलं आणि सभासदांनी बारा लाख उभे केले. कुणी दागिना मोडला, कुणी नुकत्याच फौजेत भरती झालेल्या मुलाच्या पहिल्या पगारातून दिले, दोन-तीन बायकांनी शेरडं विकली. बँकेत पूर्ण बारा लाख जमा झाल्यावर त्यांनी आमच्याकडे फोन केला. "वैनी, आमचं पैसं तयार हायती. तुमच्या पोराला सांगा, आता बिछाना गुंडाळ म्हणावं." मी मुलाला सांगितलं, गटाचे पैसे तयार आहेत. तो इतका खूश झाला की त्याने लगेच घरमालकाशी बोलणं काढलं.

मी भाषांतराला बसले तेव्हा जवळजवळ गाणंच म्हणत होते. मुख्य करार सांगलीच्या वकिलांनी लिहिला होता, त्यामुळे आकडे आपल्या रीतीचे आणि पुढे अक्षरी. जमिनीचं वर्षाचं भाडं 3,60,000, अक्षरी तीन लाख साठ हजार. कंपनीने गटाकडे ठेवायची अनामत 15,00,000, अक्षरी पंधरा लाख. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षर खरं धरावं, हेही कलम होतं. सगळं कसं रांगेत.

परिशिष्ट कंपनीच्या तिकडच्या कचेरीतून आलेलं, संगणकावरचा तक्ता जसाच्या तसा चिकटवलेला, रकमा मात्र रुपयांतच. वकिलांनी सोबत सूचना पाठवली होती, परिशिष्टातले आकडे आहेत तसे ठेवा, अक्षरी नको, जागा पुरत नाही. तक्त्याची पहिलीच ओळ अनामतीची. 1,500,000.

मी थांबले. मुख्य करारात 15,00,000, इथे 1,500,000. अनामत एकच आणि स्वल्पविरामाची जागा वेगळी. ठीक आहे, म्हणजे हा तक्ता मिलियनच्या रीतीचा, एवढंच मनात आलं आणि मी खालच्या ओळीवर गेले. कंपनीचा वाटा 60,000,000. गटाचा वाटा 12,000,000.

माझ्या सवयीने मी कोऱ्या कागदावर स्वल्पविराम काढून आकडा लिहिला आणि उजवीकडून पेन्सिल टेकवत गेले. एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी. पेन्सिल एकावर येऊन थांबली तेव्हा तोंडात कोटी होतं. एक कोटी वीस लाख.

पुन्हा मोजलं. मग कंपनीचा आकडा मोजला, तो सहा कोटी. म्हणजे सुभेदारांनी दोन्ही आकडे दहापटीने लहान वाचले होते, आणि दोन्ही सारखेच लहान झाल्यामुळे कुणाला शंका आली नाही. त्यांचे पाच तर आपला एक, हा मेळ साठ आणि बारातही तसाच बसत होता. ते कसं वाचत असतील ते मला समोर दिसलं. आयुष्यभर आपण मोठा आकडा असाच वाचतो. शून्यं कोण मोजतो? स्वल्पविराम मोजतो. दुसऱ्या स्वल्पविरामाच्या डावीकडे जे असेल ते लाख. तिथे बारा होते, म्हणून बारा लाख.

पुढचं कलम मी आदल्या दिवशीच भाषांतर करून बाजूला ठेवलं होतं. आता ते पुन्हा वाचलं. वाटा ठरल्या मुदतीत भरला नाही तर गटाची भागीदारी संपेल, जमीन मात्र एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीकडे राहील. आणि त्याच्याही खाली, मराठी व इंग्रजी प्रतींत फरक आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य. म्हणजे बारा लाख घेऊन ही माणसं दारात उभी राहतील आणि त्यांना सांगितलं जाईल, एक कोटी आठ लाख अजून आणा. ते कुठून आणणार? तोवर जमीन गेलेली असेल.

यात कुणाचा डाव होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिकडच्यांनी त्यांच्या रीतीने लिहिलं, इकडच्यांनी आपल्या रीतीने वाचलं. पण वेळ अशी होती की आकडे आहेत तसे ठेवा, अक्षरी नको, अशी लेखी सूचना माझ्याकडे होती. मी 12,000,000 लिहून दिलं असतं तर माझ्या कामात कुणाला खोट काढता आली नसती. सुभेदारांनी ते बैठकीत पुन्हा बारा लाख वाचलं असतं, सह्या झाल्या असत्या, आणि महिन्याभरात माझा मुलगा दारातून आत आला असता.

मला तसं करावंसं वाटलं. अगदी स्पष्ट सांगते, वाटलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, भांडी जागच्या जागी असताना उगाच काढून पुन्हा लावली, आणि मनात म्हणत राहिले की पुढचं पुढे, एकदा इथे आला की तोच काहीतरी मार्ग काढील. आईचं मन वकिलापेक्षा पटापट मुद्दे काढतं. वरच्या खोलीतून शिडी सरकवल्याचा आवाज येत होता.

मी वर गेले. नवऱ्याच्या भुवईवर पांढरा रंग लागला होता. मी त्याला सगळं सांगितलं, कागदावर आकडा काढून दाखवला. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि कागद हातात घेऊन आकडा एकदा मोजला.

"सुभेदाराला कळवलंस?"

"नाही अजून."

"मग कळव की."

"कळवलं तर हे सगळं मोडेल. तो नाही येणार."

"ते मला कळतंय," तो म्हणाला. "मला का मोजता येत न्हाई?" आणि त्याने ब्रश उचलून अर्धी राहिलेली भिंत रंगवायला घेतली. खाली उतरताना मला त्याचा फार राग आला होता. राग खरं तर कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तो त्याच्यावर.

दुपारी मुलाला फोन लावला. त्याची सकाळ होती, ऑफिसच्या वाटेवर होता.

"गटाचा वाटा किती आहे, माहीत आहे ना तुला?"

"हो, ट्वेल्व्ह मिलियन. का गं?"

"म्हणजे आपल्या भाषेत किती?"

तो थोडा थांबला. इतक्या वर्षांत त्याचा हातच दुसरीकडे बसलाय, लाखात यायला त्याला क्षणभर लागतो. "एक कोटी वीस लाख."

"त्यांनी बारा लाख जमवलेत. त्यांनी बारा लाख वाचलंय."

"आई, परवा सह्या आहेत," तो म्हणाला.

"म्हणूनच आज फोन केला."

"मी इथे विचारतो. रक्कम कमी होते का बघतो." आणि फोन ठेवला.

तासाभराने त्याचा फोन आला. रक्कम कमी होत नव्हती. केंद्राची यंत्रंच तेवढ्याची होती, गटाने एवढा भार उचलला नाही तर त्यांचा हिशेब बसत नव्हता, आणि दुसऱ्या राज्यातली एक जागा त्यांनी आधीपासून बघून ठेवली होती. त्याने हे सगळं ऑफिसात बोलतात तशा आवाजात सांगितलं. मग आवाज बदलला. "सांगून टाक त्यांना. का मी सांगू?"

"मीच सांगते, फोनवर नको, समोर. कागद माझ्या हातचा आहे."

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेले. वकिलांच्या टेबलावर मराठी प्रत ठेवली. परिशिष्टातला प्रत्येक आकडा मी आपल्या रीतीने लिहिला होता, पुढे अक्षरी, आणि वर एक ओळ टाकली होती की मूळ इंग्रजी तक्त्यात हेच आकडे मिलियनच्या रीतीने आहेत. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ताई, अक्षरी नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंत. पण त्या लोकांनी आकडा चुकीचा वाचलाय." मी सगळं सांगितलं.

"इंग्रजी प्रत ग्राह्य आहे. त्यांनी कसं वाचलं, त्याच्याशी तुमचा काय संबंध? तुमचा तर मुलगा..."

"माझा मुलगा राहू दे बाजूला," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या खोलीतला टायपिंगचा आवाज थांबला. "तुम्ही मुख्य करार लाखात लिहिला आणि परिशिष्ट मिलियनमध्ये चिकटवलंत. एका कागदात दोन मापं कशी चालतात हो? दुकानदार असतात तर दंड झाला असता."

माणूस वाईट नव्हता. त्याने परिशिष्ट पुन्हा पाहिलं, स्वतः बोट ठेवत मोजलं, आणि म्हणाला, "माझ्याही नजरेतून सुटलं. उद्या माझ्या गाडीतूनच चला." दोन्ही प्रतींचे आकडे एकसारखे करायला त्याने तिथल्या तिथे सांगितलं.

आटपाडीला बैठक डाळिंब निवडायच्या शेडमध्ये होती. जमिनीवर सतरंज्या, कडेला रिकामी क्रेट रचलेली, आणि भिंतीवर क्रेट मोजायचा काळा फळा. वकिलाला आणि मला खुर्च्या. सुभेदार इस्त्रीच्या कपड्यांत होते, सह्यांनंतर वाटायला पेढे आणून ठेवले होते. मी त्यांना बाजूला घेऊन आधीच सांगायला गेले, तर ते म्हणाले, "वैनी, आता जे काय हाय ते समद्यांम्होरं वाचू या. चोरून कशाला?" त्यांना वाटलं मी मुलाबद्दल काही गोड बातमी सांगतेय.

ते खणखणीत वाचत होते. भाडं वाचलं, अनामत वाचली, लोकांनी माना हलवल्या. परिशिष्टावर आले. "कंपनीचा वाटा, सहा..." तिथे थांबले. पुन्हा वाचलं. "सहा कोटी. गटाचा वाटा, एक कोटी वीस लाख." मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "वैनी, हितं टायपिंगची चूक झालीय."

"चूक नाही झालेली, भाऊजी."

मी उठले आणि फळ्यापाशी गेले. खडूने 15,00,000 लिहिलं. खाली 1,500,000. "ही अनामत. वर करारात आहे ती आणि मागच्या तक्त्यात होती ती." मग बोटाने दोन्हींचे स्वल्पविराम पुसले. दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या झाल्या. "आकडा तोच आहे. खूण नुसती इकडची तिकडे झालीय." शेजारी 12,00,000 लिहिलं, हे तुम्ही जमवलेले. त्याखाली 12,000,000, हे आधीच्या इंग्रजी कागदात होते ते. पुन्हा स्वल्पविराम पुसले. खालची ओळ वरच्यापेक्षा एका शून्याने लांब होती, ते शेवटच्या माणसालाही दिसत होतं.

मागून एक जण म्हणाला, "म्हंजी धापट?"

"हो."

"आवं, मग आमचं बारा लाख?"

"ते तुमचेच आहेत. बँकेत आहेत. सही झालेली नाही."

सुभेदार फळ्यापाशी आले. त्यांनी बोटाने शून्यं मोजली. इतक्या लोकांसमोर त्यांना ते मोजावं लागत होतं आणि मला मान खाली घालावीशी वाटली. मग ते सभासदांकडे वळून सरळ उभे राहिले. "मंडळी, चूक माजी हाय. मी सोल्पविराम मोजलं, शून्यं मोजलीच न्हाईत."

कुणी त्यांना बोल लावला नाही. कर्ज काढू या का, अशी थोडी कुजबुज झाली, पण दहापटीचा डोंगर बघून ती आपोआप विरली. वकील बाहेर जाऊन कंपनीशी बोलून आला आणि मुलाने मला जे सांगितलं होतं तेच त्याने सगळ्यांना सांगितलं. पेढ्यांचा खोका उघडलाच नाही. एकोणतीस वर्षांचं कलम मात्र सुभेदारांनी मुद्दाम पुन्हा मोठ्याने वाचून घेतलं, आणि ते ऐकल्यावर दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढून पुन्हा घातल्या.

मी चप्पल घालत होते तेव्हा एक बाई जवळ आली. माझ्याच वयाची, शेरडं विकलेल्यांपैकी.

"बाई, हितं तुमचंच पोरगं येनार हुतं न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून व्हयच आलं.

"आन् तरी सांगितलंसा?"

मी दुसरी चप्पल पायात सरकवली. तिने माझा हात हातात घेतला, तिचा तळवा खरखरीत आणि ऊन होता. "आमची जमीन ऱ्हायली," ती म्हणाली, "आन् तुमचं पोर तिकडंच ऱ्हायलं." एवढं म्हणून ती रडायला लागली. मी नाही रडले. तिलाच समजावत बसले, शेरडं पुन्हा घेता येतील वगैरे. सुभेदार लांबून बघत होते, पण जवळ आले नाहीत.

वकिलाची गाडी सांगलीला जाणार होती, मला साताऱ्याला जायचं होतं. त्याने विट्याच्या स्टँडवर सोडलं. कराडच्या गाडीला वेळ होता. चहा घेऊन बाकावर बसले तोच मुलाचा फोन आला. तिकडे दुपार होती.

"वाचलं?"

"वाचलं."

"कळलं त्यांना?"

"कळलं. सही नाही झाली."

"बरं झालं," तो म्हणाला. "बरं केलंस." समोर कडेगावची गाडी लागली, लोक धावले, कंडक्टर ओरडत होता. मी म्हटलं, "अरे, ऐकू येतंय का? तुझ्या त्या वरिष्ठांना सांग, लोक चांगले आहेत, लहान काही काढायचं असलं तर..."

"आई."

"काय?"

"मला यायचं होतं गं."

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ओढ आहे ती आमच्या बाजूची. तो सुखात आहे, रमला आहे, येतो तो आमच्यासाठी येतो, आणि या वेळी येणार होता तो कामासाठी. त्याने कधी दुसरं काही म्हटलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"केंद्रासाठी?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "केंद्र मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं. दोन वर्षं लागली. दुसरं कुठलं निमित्त मला सापडत नव्हतं." तो रडत होता. चाळिशीला आलेला माझा मुलगा भरदुपारी कुठल्यातरी परक्या रस्त्यावर उभा राहून रडत होता, आणि मी विट्याच्या स्टँडवर फोन कानाला घट्ट दाबून धरला होता.

"निमित्त कशाला लागतं रे," मी म्हटलं. "ये की तसाच."